जाहिरात वर नेली, क्लिक महाग झाले, कामं मात्र तेवढीच: या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात घराच्या छतावर सोलर बसवून देणारे एक मालक आहेत. त्यांच्या गूगलच्या जाहिराती मी बघतो. मार्चमध्ये एका रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. "सर, आत्ताच बघितलं, आपली जाहिरात तिसऱ्या नंबरला हाय. पयल्याच नंबरला दिसाय पायजे बघा. पैशाचं नंतर बघू." मी नको म्हणायला हवं होतं, निदान आधी हिशेब तरी मांडायला हवा होता. तो न मांडताच मी बोली, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा, वाढवली. पुढच्या महिन्यात जे झालं ते इथं आकड्यांसकट मांडतो, कारण हीच चूक मला राजारामपुरीतल्या क्लासवाल्यांच्या आणि शाहूपुरीतल्या दुकानदारांच्या खात्यांतही दिसते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

आधी शब्द नीट समजून घेऊ. पूर्वी गूगलच्या रिपोर्टमध्ये सरासरी पोझिशनचा कॉलम असायचा. 2019 च्या सप्टेंबरअखेर तो बंद झाला. प्रत्येक शोधाच्या वेळी गूगल जाहिरातींचा लिलाव करतं. त्या आकड्यावरून जाहिरात त्या लिलावात कितवी आली एवढंच कळायचं, पानावर कुठं दिसली ते कळायचं नाही. पोझिशन 1 असूनही जाहिरात पानाच्या तळाला असू शकायची, कारण वरच्या जागेसाठी गूगलची किमान पात्रता वेगळी आणि कडक असते. आता त्या जागी `Impr. (Top) %` आणि `Impr. (Abs. Top) %` हे कॉलम आहेत. पहिल्यात आपली जाहिरात दिसली त्यातल्या किती वेळा ती वरच्या गटात होती ते येतं, दुसऱ्यात किती वेळा अगदी पहिली होती ते. तरी अजून बरेच जण हे टक्के जुन्या पोझिशनसारखेच वाचतात. गडबड तिथूनच सुरू होते.

चूक पहिली: वरचे टक्के वाढले नाहीत म्हणून बोली आणखी वाढवणं

समजा, महिन्यात जाहिरात 1000 वेळा दिसली आणि त्यातल्या 700 वेळा वर होती, म्हणजे 70 टक्के. बोली वाढवली. आता ती 1600 वेळा दिसली आणि 960 वेळा वर होती. टक्के उतरून 60 झाले. रिपोर्ट बघणारा म्हणतो, बोली कमी पडली, अजून वाढवा. प्रत्यक्षात वरच्या जागी आपण 260 वेळा जास्त दिसलो आहोत. वाढलेल्या बोलीमुळे आपण आधी नसलेल्या, जास्त चुरशीच्या लिलावांत शिरलो आणि तिथं खालची जागा मिळाली, म्हणून टक्के पडले. हे टक्के समोर ठेवून बोली लावू नका असं गूगलच्या मदत पानावरही सांगितलेलं आहे.

वर जायला अजून किती वाव आहे हे बघायचं असेल तर `Search top IS` हा कॉलम घ्या. वरची जागा मिळण्याची संधी अंदाजे किती वेळा होती आणि त्यातल्या किती वेळा आपण ती साधली, हे त्यात येतं. संधी 2000 धरल्या तर आपला आकडा 35 वरून 48 टक्क्यांवर गेला. शेजारचा `Search lost top IS (budget)` सुद्धा बघा. तो मोठा असेल तर अडचण बोलीची नसून रोजच्या बजेटची आहे. अशा वेळी बोली वाढवली की क्लिक महाग होतात आणि जाहिरात दुपारीच बंद पडते.

मालकांनी स्वतःच्या फोनवर शोधून बघणं हासुद्धा पुरावा नाही. ते उद्यमनगरात, त्यांच्याच दुकानात बसून शोधतात. रुईकर कॉलनीतल्या माणसाला त्याच वेळी दुसराच क्रम दिसू शकतो. शिवाय क्लिक न करता रोज शोधलं की जाहिरात फुकट दिसल्याची नोंद होते आणि क्लिकचं प्रमाण खाली येतं. त्यासाठी खात्यातच `Ad preview and diagnosis` आहे, ते वापरा.

चूक दुसरी: सरासरी दर बघून "परवडतंय" म्हणणं

माझी खरी चूक हीच होती, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो.

बोली वाढवण्याआधीच्या 30 दिवसांत 12,000 रुपये खर्च झाले. 400 क्लिक आले, म्हणजे 30 रुपयांना एक. त्यातून 24 चौकश्या आल्या आणि 8 घरी जाऊन छत बघायचं ठरलं. या धंद्यात छत बघायला जाणं ही खरी पायरी. मालकांच्या अनुभवात चार छतं बघितली की एक काम मिळतं, आणि 3 किलोवॅटच्या एका कामात सगळा खर्च जाऊन हातात सुमारे 20,000 राहतात. म्हणजे एका छताच्या भेटीमागे जाहिरातीवर 5,000 पर्यंत खर्च झाला तर बरोबरी, त्यावर गेला की तोटा.

मग मी `Target impression share` लावलं, म्हणजे ठरवलेली जागा मिळेल अशी बोली गूगलच लावतं. जागा `Absolute top of results page`, लक्ष्य 80 टक्के. पुढच्या 30 दिवसांत 23,400 रुपये गेले. क्लिक 520, दर 45. चौकश्या 34. भेटी 9.

सरासरी काढली तर एक भेट 2,600 रुपयांना पडली. 5,000 च्या आतच आहे, म्हणून मालकही खूश आणि मीही. पण वाढवलेल्या पैशातून वाढीव काय मिळालं, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. हिशेब असा करायचा:

```
वाढीव क्लिकचा दर = (नवा खर्च - जुना खर्च) ÷ (नवे क्लिक - जुने क्लिक)
                 = (23400 - 12000) ÷ (520 - 400)
                 = 95 रुपये
```

रिपोर्टमध्ये दर 45 दिसतो, पण वर जाऊन मिळवलेला प्रत्येक जादा क्लिक 95 ला पडला. कारण असं की नवे 120 क्लिक तर महाग मिळालेच, पण जे 400 क्लिक आधीच्या जागेवर स्वस्तात येत होते त्यांचाही दर चढला. आपण जे देतो ते खालच्या स्पर्धकाला मागं टाकण्यापुरतं आणि त्या जागेच्या पात्रतेपुरतं. वरच्या पायरीवर खालचा स्पर्धक जास्त तगडा असतो, म्हणून त्याच माणसाच्या त्याच क्लिकला आपण जास्त मोजतो.

हेच गणित भेटींना लावा. 11,400 रुपये जादा गेले आणि भेट वाढली एक. त्या एका भेटीची किंमत 11,400, आणि परवडणारी मर्यादा 5,000. पहिल्या महिन्यातल्या स्वस्त भेटींनी हा तोटा सरासरीत झाकून टाकला होता. आठाच्या नऊ होणं हा योगायोगही असू शकतो, एवढ्या लहान आकड्यांवर फार विश्वास ठेवता येत नाही. पण एप्रिलचा उन्हाळा आणि वाढलेली लाइट बिलं आमच्या बाजूने असूनही भेटी हलल्या नाहीत, हे मला पुरेसं बोलकं वाटलं.

चूक तिसरी: चौकशी आली म्हणजे गिऱ्हाईक आलं असं धरणं

चौकश्या 24 च्या 34 झाल्या होत्या. क्लिकमागे चौकशीचं प्रमाण 6 टक्क्यांवरून साडेसहावर गेलं होतं. रिपोर्टवरून तर वरची जागा चांगली गिऱ्हाइकं देते असंच वाटलं असतं. गूगलचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ हाल व्हेरियन यांनी 2009 मध्ये आकडेवारी मांडून सांगितलं होतं की पोझिशन बदलली तरी कन्व्हर्जनचं, म्हणजे क्लिकनंतर चौकशी किंवा खरेदी होण्याचं, प्रमाण फारसं बदलत नाही. त्यामुळे अर्ध्या टक्क्याच्या फरकावर मी तरी काही उभं करणार नाही. आणि ते प्रमाण मोजलेल्या कन्व्हर्जनचं आहे. फोनवर पलीकडे कोण होतं, हे त्यात येत नाही.

आमच्या खात्यात वेबसाइटवरच्या फोन नंबरला बोट लागलं की कन्व्हर्जन धरलं जायचं. दुकानात फोन घेणाऱ्या ताई मात्र वहीत प्रत्येक फोनची ओळ लिहितात: तारीख, गाव, छत स्वतःचं आहे का, महिन्याचं बिल किती. ती वही घेऊन बसलो. पहिल्या महिन्यातल्या 24 पैकी 4 जणांनी फक्त सरकारी सबसिडीचा अर्ज कुठं भरायचा एवढंच विचारलं होतं. दुसऱ्या महिन्यात 34 पैकी 13 जणांनी. ताईंनी एका ओळीत लिहिलं होतं, "कागल, वीज ऑफिस समजून फोन." ही वजा केली तर कामाच्या चौकश्या 20 आणि 21. म्हणजे वाढ झालीच नव्हती.

कारण `Search terms` रिपोर्टमध्ये सापडलं. बोली वाढल्यावर जाहिरात `surya ghar yojana registration`, `solar subsidy status` अशा शोधांवरही दिसू लागली होती, तेही पहिल्या जागी. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे, त्यामुळे अर्जाची धावपळ करणारे खूप. असा माणूस मोबाईलवर घाईत पहिली दिसेल ती लिंक दाबतो, जाहिरात आहे हे बघतही नाही. तीन नंबरच्या जाहिरातीपर्यंत येणाऱ्याने निदान वरच्या दोन ओळी वाचून सोडलेल्या असतात. हे सगळ्याच धंद्यांना लागू होईल असं नाही. रात्री नळ फुटलेल्या माणसाला पहिला नंबरच हवा असतो आणि तो खरा गिऱ्हाईक असतो. आपल्याकडं कोण येतंय हे वहीच सांगते.

आणखी एका ठिकाणी पाय घसरतो. `Segment` मधून `Top vs. other` उघडलं की वरच्या आणि इतर जागांचे क्लिक, खर्च, कन्व्हर्जन वेगळे दिसतात. रिपोर्ट उपयोगाचा आहे, पण अख्ख्या मोहिमेवर लावू नका. आमच्या खात्यात दुकानाच्या नावाने शोधणारे लोक जवळजवळ नेहमी पहिल्या जागेवरून येतात, क्लिक स्वस्त पडतो आणि कामही होतं. "सोलर पॅनल कोल्हापूर" शोधणारा खालच्या जागेवरून येतो आणि अजून चार जणांना विचारणार असतो. दोघांना एकत्र केलं की वरची जागा स्वस्तही आणि चांगलीही दिसते, पण ती करामत दुकानाच्या नावाची असते. म्हणून एकच कीवर्ड आणि एकच मॅच टाइप, म्हणजे शोध कीवर्डशी किती जुळायला हवा ती सेटिंग, घेऊन बघा. तरीही फरक फक्त जागेचाच असेल असं नाही, कारण वर जागा मिळालेले लिलाव मुळात कमी चुरशीचे असू शकतात. खात्री हवी असेल तर `Experiments` मधून निम्म्या लिलावांना वाढीव बोली लावा आणि दोन्ही बाजू एकाच काळात चालवा. एप्रिलची जूनशी तुलना तर करूच नका. आपल्याकडं पाऊस लागला की सोलरची चौकशीच आटते.

मेमध्ये आम्ही पहिल्या जागेचं लक्ष्य फक्त दुकानाच्या नावावर ठेवलं. बाकी कीवर्ड परत हाताने लावलेल्या बोलीवर आणले. `registration`, `status`, `login`, `apply online` हे शब्द निगेटिव्हमध्ये टाकले, म्हणजे ते शब्द असलेल्या शोधांवर जाहिरात दिसणार नाही. महिन्याला 13,100 रुपये गेले, 410 क्लिक, दर 32. चौकश्या 23, भेटी 9. फॉर्म भरणाऱ्याचा `GCLID`, म्हणजे गूगलने त्या क्लिकला दिलेला ओळख क्रमांक, आता वहीतल्या नोंदीसोबत ठेवतो आणि छत बघून झालं की ती भेट वेगळं कन्व्हर्जन म्हणून खात्यात चढवतो. बोली वाढवायची झाली तर एका वेळी 4-5 रुपयांनी वाढवतो, तीन आठवडे थांबतो, आणि वाढीव भेट 5,000 च्या आत बसली तरच पुढची पायरी चढतो. मालक अजून रात्री फोन करतात. आता विचारतात, "सर, या आठवड्यात छतं किती?"