हंगामअखेरच्या सेलसाठी पाच स्टोरी-स्लाइडचा मजकूर कसा लिहावा

पुण्यातल्या कापडाच्या बुटीकांमध्ये आषाढातला सेल हा हंगामाचा शेवट असतो, कारण श्रावणातल्या मंगळागौरी आणि पुढचे गौरी-गणपती यांचा नवा माल येण्याआधी उन्हाळी सुती कापडाचे ताके आणि कटपीस हलवावे लागतात. अशाच एका बुटीकसाठी मी इन्स्टाग्रामवरच्या पाच स्लाइडचा मजकूर लिहिला. सेल शनिवारी सुरू होणार होता आणि सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी एक स्लाइड टाकायची होती. या कामात नव्याने येणाऱ्यांना तो मजकूर आणि त्यामागची कारणे उपयोगी पडतील, म्हणून दोन्ही इथे देत आहे.

सर्वांत आधी लक्षात घ्यावे की स्टोरी 24 तास राहते. शुक्रवारी संध्याकाळी ‘उद्यापासून सेल’ असे लिहिले आणि गिऱ्हाइकाने ते शनिवारी सकाळी वाचले, तर तिला सेल रविवारी आहे असे वाटते. ‘फक्त 3 दिवस उरले’ हे वाक्यही मध्यरात्रीनंतर खोटे ठरते. म्हणून उरलेल्या वेळेचा हिशेब काउंटडाउन स्टिकरवर सोपवावा, कारण तो आपोआप बदलत राहतो, आणि मजकुरात नेहमी वार व वेळ लिहावी. शिवाय पाचही स्लाइड पाहणारे थोडेच असतात, त्यामुळे ‘शनिवारी सकाळी 10.30 पासून’ हे शब्द प्रत्येक स्लाइडवर असलेच पाहिजेत. ते वगळून उरलेल्या जागेत रोज एकच नवी गोष्ट सांगावी.

सोमवारी मी फक्त घोषणा ठेवली: ‘उन्हाळी सुती कापडाचा सेल शनिवारी सकाळी 10.30 पासून. आठवण हवी असल्यास खालच्या घड्याळावर टॅप करा.’ त्या स्टिकरवर टॅप करून आठवण लावून घेणाऱ्यांना वेळ संपताच सूचना जाते. ही सोय पहिल्याच दिवशी दिली, तर पुढच्या स्लाइड ज्यांच्या नजरेतून सुटतील त्यांनाही निरोप पोहोचतो.

मंगळवारी भाव सांगितला: ‘अजरख छपाईचे सुती कापड, पन्ना 44 इंच. मीटरला 650 ऐवजी 450 रुपये. शनिवारी सकाळी 10.30 पासून.’ दुकानाच्या मालकीणबाईंना इथे ‘50 टक्क्यांपर्यंत सूट’ असे मोठ्या अक्षरांत हवे होते. पण निम्म्या भावात फक्त काही ओढण्या होत्या आणि गिऱ्हाईक विचारणार होते ते अजरखबद्दल. ज्या कापडाचा फोटो आहे त्याचाच जुना आणि नवा भाव लिहिला, तर काउंटरवर वाद होत नाही. अर्थात जुना भाव हंगामात खरोखर लावलेला असला पाहिजे.

बुधवारची स्लाइड कटपीसची होती आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कटपीसमध्ये माप हीच खरी माहिती असते. ‘एक मीटरचे कटपीस ब्लाउजसाठी, अडीच मीटरचे कुर्त्यासाठी. प्रत्येक तुकडा एकच. शनिवारी सकाळी 10.30 पासून.’ ‘माल मर्यादित’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘प्रत्येक तुकडा एकच’ हे अधिक प्रामाणिक आहे आणि त्याने घाईचे कारणही कळते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही अपेक्षित मागणीपेक्षा साठा कमी असेल, तर जाहिरातीत ते स्पष्ट करावे लागते.

गुरुवारी तयार कुर्ते घेतले: ‘शिवलेले कुर्ते: 36 आणि 44 साइज भरपूर, 40 मोजकेच. शनिवारी सकाळी 10.30 पासून.’ हे लिहिण्यापूर्वी रॅकवरचे कुर्ते साइजवार मोजून घ्यावेत. स्टोरी एकदा टाकली की तिचा मजकूर बदलता येत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी फोन करून 40 चे कुर्ते बाजूला ठेवायला सांगितले, तर ती स्लाइड काढून नवी टाकावी लागते.

शुक्रवारी अटी लिहिल्या: ‘शनिवारी सकाळी 10.30 पासून रात्री 8.30 पर्यंत. कापलेले कापड परत घेतले जाणार नाही. कुर्ते बिलासह सात दिवसांत बदलून मिळतील.’ अटी शेवटच्या दिवशी ठेवल्या, कारण यायचे ठरवलेली व्यक्तीच त्या नीट वाचते.

मांडणीबद्दल एवढेच सांगतो की 1080 बाय 1920 पिक्सेलच्या स्लाइडवर वरची आणि खालची सुमारे 250 पिक्सेलची पट्टी मोकळी ठेवावी, कारण वर खात्याचे नाव येते आणि खाली उत्तराची चौकट. मजकूर पुरेसा आहे का, हे आलेल्या निरोपांवरून ओळखावे. ‘कधी आहे?’ असे कोणी विचारले, तर वेळ लहान अक्षरांत गेली आहे. ‘याचा पन्ना किती?’ असे विचारले, तर कापडाची माहिती अपुरी आहे. आकडेवारीत ‘मागे’ जाणारे टॅप एखाद्या स्लाइडवर बरेच दिसले, तर बहुधा ती एका नजरेत वाचून होत नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या स्लाइडवरचे एक वाक्य कमी करावे. हायलाइटमध्ये या स्लाइड ठेवल्या असतील, तर सेल संपताच त्या काढाव्यात, नाहीतर गौरी-गणपतीच्या खरेदीला आलेले गिऱ्हाईक 450 रुपयांचे अजरख मागते.