व्हॉलंटियर म्हणून जाताय? आधी तो रकाना भरा

कॉन्फरन्सच्या व्हॉलंटियर फॉर्ममध्ये 'कोणतं काम करायला आवडेल?' असा रकाना असतो. मागच्या वेळी मी तिथे 'काहीही चालेल' असं लिहिलं. वाटलं, आयोजकांना बरं वाटेल. त्यांनी मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं आणि दोन दिवस मी बॅज वाटले. ज्या वक्त्या बाईंसाठी गेलो होतो, त्यांचा बॅज टेबलावर आलाच नाही. वक्त्यांचे बॅज स्पीकर रूममध्ये वेगळे ठेवले होते.

म्हणून तो रकाना भरा. 'स्पीकर रूम' किंवा 'सेशनला मदत' असं स्पष्ट लिहा, आणि का, तेही एका ओळीत. उत्तर आलं नाही तर आठवडाभराने समन्वयकाला विचारा. नोंदणी, सामानाची खोली, पार्किंग यांना माणसं कायम कमी पडतात, त्यामुळे 'काहीही' म्हणणारा तिथेच जातो. ड्यूटीचा तक्ता आला की तुम्हाला हव्या त्या भाषणाच्या वेळी तुमची पाळी दुसऱ्याच हॉलमध्ये नाही ना, हेही बघा. अदलाबदल तेव्हाच होते, आदल्या रात्री नाही.

बूट, पाणी, चार्जर. पुढे.

सेशनची ड्यूटी मिळाली तर वक्ता साधारण पंधरा-वीस मिनिटं आधी येतो. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचा, म्हणून एचडीएमआय आणि यूएसबी-सीचा अडॅप्टर जवळ ठेवा. स्क्रीन मध्येच झोपणार नाही असं सेटिंग करून घ्या. कॉलरचा माइक लावायचा असेल तर तो कुठे अडकवणार ते आधी विचारा. कॉलर नसलेल्या कपड्यांवर ऐनवेळी गोंधळ होतो. नावाचा उच्चार त्यांनाच विचारा आणि सूत्रसंचालकाला सांगा. दहा, पाच आणि एक मिनिट उरल्याच्या पाट्या दाखवणार आहात, हेही सांगून ठेवा.

या वेळी आपलं काम, आपला प्रोजेक्ट काढू नका. माणूस मनातल्या मनात पहिली स्लाइड म्हणत असतो. बोलायची वेळ भाषणानंतर, तीही स्टेजजवळच्या गर्दीत नाही. माइक काढून घेताना आणि स्पीकर रूमपर्यंत सोडताना जी चार-पाच मिनिटं मिळतात, ती. एकच प्रश्न तयार ठेवा, त्यांच्या भाषणातलाच. सेल्फी मागू नका, प्लीज. आणि ही चार मिनिटं नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याला मिळत नाहीत. रकाना!

आयोजक दिवसभर धावत असतात, त्यांना मध्ये गाठू नका. शेवटच्या संध्याकाळी बॅनर उतरवायला आणि खुर्च्या रचायला थांबा. तेव्हा ते निवांत बोलतात. पुढच्या वर्षीच्या टीममध्ये यायचं असेल तर तेव्हाच सांगा.

ज्या वक्त्याशी बोललात त्यांना दोन दिवसांत मेल करा, तीन ओळींचा, काय बोललात त्याची आठवण देऊन. बाकी तुमचं तुम्ही बघाल. फॉर्म पाठवण्याआधी तेवढा रकाना परत एकदा वाचा.