सहलीच्या बसमधे शब्दसाखळी खेळताना ‘ळ’ चं काय करायचं

सहावी-सातवीची पोरं बसमधे शब्दसाखळी खेळायला लागली की दहा मिनिटांत ‘ळ’ वर येऊन अडकतात, कारण मराठीत ळ नी संपणारे शब्द ढीगभर (बाभूळ, तांदूळ, कमळ) पण ळ नी सुरू होणारा एकही नाही, ण चं पण तेच. आणि हुशार पोरं मुद्दाम तेच शब्द टाकतात 😄 म्हणून आधीच ठरवा, ळ किंवा ण आला की त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं. म्हणजे पाऊस, सरडा, डबा, बाभूळ, मग भ वरून भाकरी, र वरून रताळं, परत ळ, म्हणून त वरून तवा. काना-मात्रा सोडून द्या, नुसतं व्यंजन बघा.

स्मरणशक्तीसाठी प्रत्येकाने आधीची सगळी साखळी म्हणून मग आपला शब्द जोडायचा, दहा-बारा शब्दांनंतर गाडी अडखळते, तिथून नवी सुरू करा. कोणी बॉटल म्हणालं तर बाद नका करू, बाटली म्हणायला लावा. अंताक्षरीलाही ळ चा हाच नियम, फक्त कविता, आरत्या, अभंग चालतील सांगा, नाहीतर सगळी हिंदी गाणीच सुरू होतात.