द्राक्षं नाशिकची, कर रॉटरडॅमचा: निर्यातीचा शून्य दर शिकताना

अप्रत्यक्ष कराच्या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना मी आधी कलमं वाचायला देत नाही, द्राक्ष निर्यातदाराची फाइल देतो. ताज्या द्राक्षांवर आपल्याकडे जीएसटी नाही. शेतकरी निर्यातदाराला विकतो तेव्हा नाही आणि निर्यातदार नाशिकच्या किंवा दिल्लीच्या बाजारात विकतो तेव्हाही नाही. तरी तीच द्राक्षं जेएनपीए बंदरातून रॉटरडॅमला गेली की निर्यातदार सरकारकडे रिफंड मागतो, आणि तो मिळतोही. फाइल वाचणारा बहुतेक वेळा थेट विचारतो, 'कर लागलाच नाही, तर परत काय मिळतं?' या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं की निर्यातीवरचा कर बराचसा समजला.

सुरुवात या प्रश्नापासून करू: वस्तूवरचा कर कोणी घ्यायचा, जिथे ती तयार झाली त्याने की जिथे ती वापरली जाणार त्याने? पहिलं उगम तत्त्व, दुसरं गंतव्य तत्त्व. उगम तत्त्व आपण देशातच अनेक वर्षं अनुभवलं आहे. १९५६च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यानुसार नाशिकच्या कारखान्याने इंदूरच्या व्यापाऱ्याला माल विकला की सीएसटी महाराष्ट्राच्या तिजोरीत राहायचा. माल वापरणार मध्य प्रदेशातला माणूस, कर घेणार महाराष्ट्र. शिवाय इंदूरच्या व्यापाऱ्याला त्या कराची वजावट मिळत नसे, त्यामुळे तो किमतीत मुरायचा. नोंदणीकृत व्यापाऱ्याने सी फॉर्म दिला की लागणारा सवलतीचा दर आधी ४ टक्के होता, २००७ मध्ये ३ आणि २००८ मध्ये २ टक्क्यांवर आला, पण कर मुरणं काही थांबलं नाही.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि दिशा उलटली. त्याच विक्रीवर आता आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा एकात्मिक जीएसटी, लागतो आणि त्यातला राज्याचा वाटा मध्य प्रदेशाला जातो. महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू यांसारख्या उत्पादक राज्यांनी या बदलाला आढेवेढे घेतले, ते याच कारणाने. राज्यांचा महसूल २०१५-१६च्या पायावर दरवर्षी १४ टक्के वाढेल असं धरून पाच वर्षं भरपाई देण्याची हमी केंद्राने दिली, आणि त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं. नवख्याने हा इतिहास वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यातून गंतव्य तत्त्व हा राज्याराज्यांतला पैशाचा करार आहे हे दिसतं.

आता हेच तत्त्व देशाच्या सीमेवर लावा. द्राक्षं खाणारा नेदरलँड्सचा, म्हणून कर नेदरलँड्सचा. तिथे खाद्यपदार्थांवर ९ टक्के व्हॅट आहे आणि आयात केलेल्या द्राक्षांवरही तोच लागतो. तोच कंटेनर ब्रिटनला गेला असता तर ताज्या फळांवर तिथे शून्य दर आहे. कर किती असावा हे खाणाऱ्याच्या देशाने ठरवायचं. रॉटरडॅमच्या दुकानात नाशिकच्या द्राक्षांशेजारी चिली आणि दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं असतात. चिलीत व्हॅटचा सर्वसाधारण दर १९ टक्के आहे, दक्षिण आफ्रिकेत १५. प्रत्येक देशाने आपापला कर मालाच्या अंगावर ठेवून माल पाठवला, तर गिऱ्हाईक चवीपेक्षा करांच्या फरकावर निवड करेल, आणि शिवाय नेदरलँड्सचा व्हॅट वर चढेलच. म्हणून पाठवणारा देश आपला कर पूर्ण उतरवतो आणि घेणारा देश आपला पूर्ण चढवतो. आपणही आयातीवर आयजीएसटी घेतो, तो याच व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग.

'आपला कर पूर्ण उतरवणं' हे शब्द इथे महत्त्वाचे. मालावर शेवटी कर लावला नाही, एवढ्याने तो उतरत नाही. द्राक्षांवर जीएसटी नाही, पण पनेट, कोरुगेटेड पेट्या, ग्रेप गार्ड, पॅलेट, तपासणीची फी, सीएची फी या सगळ्यांवर निर्यातदाराने कर भरलेला असतो. देशात विकलेल्या द्राक्षांच्या बाबतीत हा कर तसाच मुरतो. माल करमाफ, म्हणून खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, नाही. निर्यात मात्र आयजीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे 'शून्य दराचा पुरवठा' आहे, आणि त्याच कलमात माल करमाफ असला तरी क्रेडिट घेता येईल असं स्पष्ट लिहिलं आहे. वाटेत भरलेला कर परत मिळतो तो यामुळे. करमाफ आणि शून्य दर, दोन्हींचं बिल सारखंच दिसतं, फरक मागच्या खरेदीत असतो.

आता हिशेब मांडू. आकडे सोपे आणि माझे आहेत. एका निर्यातदाराने एका महिन्यात ६० लाखांची द्राक्षं युरोपला पाठवली आणि २० लाखांची देशात विकली. फक्त निर्यातीच्या पॅकिंगवर त्याने १,२०,००० रुपये जीएसटी भरला. देशातल्या विक्रीच्या क्रेटवर १५,००० भरला. ऑफिसचं भाडं, सुरक्षा, सीए यांसारख्या सामायिक खर्चावर ४०,००० भरला.

क्रेटचे १५,००० सरळ बाजूला ठेवा, ते फक्त करमाफ विक्रीचे आहेत. सामायिक ४०,००० सीजीएसटी नियमांतल्या नियम ४२ प्रमाणे वाटायचे. एकूण ८० लाखांत करमाफ विक्री २० लाख, म्हणजे चौथा हिस्सा, १०,००० रुपये उलटवायचे. उरले ३०,०००. त्यात निर्यातीचे १,२०,००० मिळवले की निव्वळ क्रेडिट १,५०,००० होतं. मग नियम ८९(४)चं सूत्र:

रिफंड = शून्य दराची उलाढाल × निव्वळ क्रेडिट ÷ समायोजित एकूण उलाढाल

इथे जवळजवळ प्रत्येक नवखा छेदात ८० लाख लिहितो आणि उत्तर १,१२,५०० काढतो. ते चूक आहे. समायोजित उलाढालीच्या व्याख्येतून निर्यात सोडून बाकीची करमाफ विक्री वगळलेली आहे. म्हणून छेदातही ६० लाखच येतात आणि रिफंड पूर्ण १,५०,००० मिळतो. याचं कारण तत्त्वातच आहे: देशातल्या विक्रीचा हिस्सा आपण नियम ४२ मध्ये आधीच काढून टाकला. सूत्रात ती विक्री पुन्हा धरली तर एकच गोष्ट दोनदा कापली जाते आणि निर्यातीच्या पेट्यांवरचा कर रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकावर बसतो. आकडा तपासताना मी हेच विचारतो: निर्यातीसाठी भरलेला कर पूर्ण उतरला का, आणि देशातल्या विक्रीचा एक रुपयाही त्यात घुसला नाही ना?

कागदांच्या बाबतीत तीन-चार गोष्टी सांगतो. द्राक्षांसारख्या करमाफ मालाच्या निर्यातीसाठी एलयूटी, म्हणजे कर न भरता माल पाठवण्याचं हमीपत्र, लागत नाही, हे २०१८च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. तरी काही जण 'एलयूटी नाही' म्हणून दावाच करत नाहीत. नोंदणी मात्र हवी. फक्त करमाफ मालाचा धंदा करणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, पण नोंदणी नसेल तर क्रेडिटही नाही. जीएसटीआर-३बी हे रिटर्न भरताना निर्यात ३.१(बी) या शून्य दराच्या रकान्यात टाका. माल करमाफ आहे म्हणून हात आपोआप ३.१(सी)कडे जातो, आणि मग दाव्याची उलाढाल रिटर्नशी जुळत नाही. दाव्याची मुदत दोन वर्षांची, आणि समुद्रमार्गे माल गेला असेल तर ती जहाज देशाबाहेर निघाल्याच्या तारखेपासून मोजायची. इन्व्हॉइसची तारीख धरू नका.

बेदाण्याची गोष्ट थोडी वेगळी. त्यावर ५ टक्के जीएसटी आहे. तिथे एलयूटी देऊन कर न भरता पाठवता येतं, किंवा आयजीएसटी भरून तो परत घेता येतो. दुसऱ्या मार्गात शिपिंग बिल हाच रिफंडचा अर्ज मानला जातो, वेगळा अर्ज नाही. म्हणून जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधला इन्व्हॉइस नंबर आणि शिपिंग बिलावरचा नंबर अक्षरशः एक हवा. एखादा डॅश कमी-जास्त झाला की आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर SB005 हा चुकीचा कोड दिसतो आणि पैसे अडकतात. पैसे आले नाहीत तर आधी तिथली स्थिती पाहा, अधिकाऱ्याकडे नंतर जा.

द्राक्षांत आणखी एक अडचण वारंवार येते, किमतीची. बराच माल कन्साइनमेंटवर जातो. शिपिंग बिलावर एक एफओबी किंमत, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत, असते आणि माल पोहोचल्यावर खरेदीदार प्रत बघून वेगळी देतो. सूत्रातली निर्यातीची किंमत म्हणजे शिपिंग बिलातली एफओबी किंमत किंवा बिलातली किंमत, यांतली कमी असेल ती, असं २०२२ पासून नियमात लिहिलं आहे. आणि नियम ९६ब प्रमाणे फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने दिलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर न आलेल्या रकमेपुरता रिफंड व्याजासह परत करावा लागतो. म्हणून रिफंड मिळाल्यावर फाइल बंद करू नका, बँकेचं वसुलीचं प्रमाणपत्र लागेपर्यंत ती उघडी ठेवा.

आता शून्य खरोखर शून्य आहे का, तेही पाहा. निव्वळ क्रेडिटच्या व्याख्येत फक्त इनपुट आणि इनपुट सेवा येतात. प्रीकूलिंगचं यंत्र हा भांडवली माल, म्हणून त्यावरचा कर या रिफंडमध्ये येत नाही. ज्याची दुसरी करपात्र विक्री नाही, त्या निर्यातदाराला तो वापरायला वाट राहत नाही. जनरेटरच्या आणि ट्रकच्या डिझेलवरचं उत्पादन शुल्क व व्हॅट जीएसटीच्या बाहेर आहेत, वीज शुल्कही तसंच. हे कर उतरवण्यासाठी १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप योजना आली. तिच्या आधीची एमईआयएस ही सरळ प्रोत्साहन देणारी योजना होती. अमेरिकेच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने २०१९ मध्ये ती आणि इतर काही योजना निर्यात अनुदान ठरवल्या. गॅटच्या नियमांत मर्यादा स्पष्ट आहे: मालावर खरोखर बसलेला कर परत केला तर ते अनुदान नाही, त्याहून एक रुपया जास्त दिला तर आहे. प्राप्तिकरासारखा प्रत्यक्ष कर निर्यातीसाठी माफ करायला तर तिथे परवानगीच नाही. म्हणूनच रोडटेपचे दर कोणत्या मालावर किती कर मुरतो याच्या हिशेबावर बेतलेले असतात, आणि तुमच्या रिफंड अर्जातही १,५०,००० ऐवजी १,६०,००० लिहिले तर ते दहा हजार देशातल्या विक्रीचे असतात, निर्यातीचे नाहीत.