D मुलगा की मुलगी?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सराव पेपर सोडवताना माझे सांकेतिक नात्यांचे प्रश्न हमखास चुकायचे, कारण मी नाती मनातच जोडायचो. आता एकेक खूण कागदावर उलगडतो.

समजा, + म्हणजे डावीकडची व्यक्ती उजवीकडच्याची आई, − म्हणजे भाऊ, × म्हणजे वडील. प्रश्न: A + B − C × D, तर D हे B चं कोण?

A ही B ची आई, म्हणून वर. B हा C चा भाऊ, दोघे एका आडव्या ओळीत. C हे D चे वडील, म्हणून D खाली. म्हणजे B काका. इथेच मी घाईने ‘पुतण्या’वर खूण करायचो. पण D च्या उजवीकडे खूणच नाही, त्यामुळे तो मुलगा की मुलगी हे कळत नाही. उत्तर ‘पुतण्या किंवा पुतणी’. आता आकृतीत पुरुषाला चौकोन, स्त्रीला गोल काढतो. D भोवती काहीच काढता येत नाही.