राउटरवर आरटीएस लावलं, तरी अपलोड रखडतंच? या चुका टाळा

समजा, एक लांबलचक अभ्यासिका आहे. मधल्या जाड भिंतीपाशी ॲक्सेस पॉइंट, डाव्या टोकाला मीनाचा लॅपटॉप, उजव्या टोकाला राजूचा. दोघांनाही सिग्नल छान. एकेकट्याने फाइल चढवली तर सुसाट जाते, पण दोघांनी एकदम सुरू केली की दोघांचीही रखडते. लोक लगेच चॅनेल बदलतात, अँटेना हलवतात. फरक पडत नाही.

कारण मीनाचं रेडिओ राजूपर्यंत पोचतच नाही. वायफायमध्ये बोलण्याआधी हवा मोकळी आहे का, ते ऐकायचं असतं. राजूला शांतता ऐकू येते, तो सुरू होतो आणि दोन्ही फ्रेम ॲक्सेस पॉइंटवर आदळतात. हाच हिडन टर्मिनल. ओळखायची खूण सोपी: दोघांनी एकाच वेळी डाउनलोड केलं तर ठीक चालतं, अपलोडलाच घसरतं. लिनक्सवर `iw dev wlan0 station dump` मध्ये `tx retries` भराभर वाढताना दिसतात.

उपाय आरटीएस. मीना आधी 20 बाइटची छोटी विनंती पाठवते, ॲक्सेस पॉइंट 14 बाइटची परवानगी, म्हणजे सीटीएस, देतो. हे सीटीएस राजूलाही ऐकू येतं आणि त्यात लिहिलेल्या वेळेपुरता तो गप्प बसतो. दोन आरटीएस आदळू शकतातच, पण तेव्हा नुकसान 20 बाइटांचं, 1500 चं नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच. आरटीएस थ्रेशोल्ड, म्हणजे किती बाइटांहून मोठ्या फ्रेमआधी आरटीएस पाठवायचं ती मर्यादा, लोक फक्त राउटरवर बदलतात. ती मर्यादा त्याच यंत्राने पाठवलेल्या फ्रेमना लागू होते, म्हणजे इथे डाउनलोडला. टक्कर अपलोडची आहे, तेव्हा ती मीना आणि राजू दोघांच्या लॅपटॉपवर लावायला हवी:

```
sudo iw phy phy0 set rts 500
```

बऱ्याच यंत्रांवर मूळ किंमत 2347 असते, म्हणजे व्यवहारात बंदच. उलट टोकाला जाऊन सगळीकडे शून्य करू नका. 5 गिगाहर्ट्झवर 54 एमबीपीएसने 1500 बाइटची फ्रेम सुमारे 250 मायक्रोसेकंदांत जाते. 6 एमबीपीएसने जाणारे आरटीएस-सीटीएस, मधल्या विरामांसह, आणखी सुमारे 130 खातात. एकमेकांना ऐकू येणाऱ्या यंत्रांना हा भुर्दंड कशाला?

आणि परीक्षेतली लाडकी चूक: ‘आरटीएस-सीटीएसने एक्स्पोज्ड टर्मिनलही सुटतो.’ इथे ब हा अ ला पाठवतोय, शेजारच्या क ला ड शी बोलायचंय. अ च्या कानाशी क चा आवाज पोचत नाही, तरी ब ऐकू येतो म्हणून क उगाच थांबतो. फिल कार्न यांनी 1990 मध्ये मांडलेल्या माका पद्धतीत, आरटीएस ऐकलं पण सीटीएस नाही, तर पाठवायला मोकळीक होती. वायफायमध्ये मात्र प्रत्येक फ्रेमची पोच परत ब कडे यावी लागते. क बोलत राहिला तर ती पोच ब ला ऐकू येणार नाही. म्हणून ब चं आरटीएस ऐकणारा क पूर्ण देवाणघेवाण होईपर्यंत थांबतो. उत्तरपत्रिकेत ‘हिडन बराचसा सुटतो, एक्स्पोज्ड सुटत नाही’ असं लिहा आणि पोचेचं कारण द्या.