फिंगरप्रिंटवालं कार्ड टॅप केलं तरी मशीन पिन मागतंय? या चुका टाळा

युरोपात राहणाऱ्या आपल्या काही लोकांकडे आता बँकेचं असं कार्ड असतं ज्याच्यावरच बोटाचा ठसा घेणारा छोटा चौकोनी सेन्सर असतो. फ्रान्समध्ये बीएनपी पारिबाने 2021 मध्ये असं व्हिसा कार्ड आणलं. तिथे साध्या कार्डाने पिन न टाकता टॅप करायची लिमिट 50 युरो आहे (मे 2020 च्या आधी 30 होती), आणि या कार्डाने अंगठा ठेवून टॅप केलं की 50 च्या वरचं बिलही पिनशिवाय जातं. आपल्याकडे भारतात हीच लिमिट जानेवारी 2021 पासून 5000 रुपये आहे, त्यामुळे मुद्दा समजायला अवघड नाही.

पण हे कार्ड घेतलेले काही लोक म्हणतात की चालतच नाही, आणि मला मनापासून वाटतं की यात कार्डाचा दोष फार कमी वेळा असतो. आपण ते साध्या कार्डासारखं वापरतो तिथेच गडबड होते.

आधी आत काय होतं ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. कार्डात बॅटरी नसते. दुकानातल्या मशीनच्या चुंबकीय क्षेत्रातून कार्डाला जी थोडीशी वीज मिळते तिच्यावरच सेन्सर पण चालतो आणि चिप पण. तेवढ्या वेळात सेन्सर ठसा घेतो, चिप तो आत साठवलेल्या ठशाशी जुळवते आणि मशीनला फक्त एवढंच सांगते की कार्डधारकाची खात्री झाली. ठसा कार्डाच्या बाहेर जात नाही, दुकानदाराकडे नाही आणि बँकेकडेही नाही. कार्ड तुमच्या हातात आहे आणि बोटही तुमचंच आहे, म्हणजे युरोपच्या नियमाला लागणारे दोन पुरावे झाले, म्हणून 50 ची अट इथे लागत नाही.

आता पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक. लोक आधी कार्ड मशीनवर टेकवतात आणि मग अंगठा शोधत सेन्सरवर आणतात, किंवा सवयीने टॅप करून लगेच हात मागे घेतात. साध्या कार्डाला ते चालून जातं. इथे ठसा घेणं आणि जुळवणं हे जास्तीचं काम आहे, आणि मध्येच कार्ड मागे घेतलं की वीज गेली, सगळं अर्धवट राहिलं. कार्ड मशीनजवळ नेण्याआधीच अंगठा सेन्सरवर हवा, मग कार्ड मशीनच्या टॅपच्या खुणेवर सपाट धरायचं आणि बीप वाजेपर्यंत ना अंगठा हलवायचा ना कार्ड. पाकिटातूनच टॅप करायची सवय असेल तर तीही सोडा, अंगठा पोचणारच नाही.

दुसरी चूक ठसा नोंदवताना होते आणि तिचा त्रास नंतर महिनोन्महिने होतो. काही बँका ब्रांचमध्ये टॅबलेटवर नोंदवून घेतात, काही घरी एक छोटं बॅटरीवालं कव्हर पाठवतात, त्यात कार्ड सरकवायचं आणि बोट पुन्हापुन्हा टेकवायचं. सेन्सर नखाएवढाच, त्यामुळे एका वेळी त्याला अंगठ्याचा एक तुकडाच दिसतो. लोक टेबलावर कार्ड ठेवून अंगठ्याचा मधला भाग सरळ सरळ दाबतात, आणि दुकानात मात्र कार्ड हवेत धरल्यावर अंगठा तिरपा पडतो, कडेचा भाग सेन्सरवर येतो जो कार्डाने कधी बघितलेलाच नाही. म्हणून नोंदवतानाच कार्ड दुकानात जसं धरणार तसं धरा आणि दर वेळी अंगठा जरा सरकवून टोक, दोन्ही कडा, मधला भाग सगळं द्या. आणि हो, घरी नोंदवल्यावर बऱ्याच कार्डांत एकदा चिप मशीनमध्ये घालून पिनने पेमेंट करावं लागतं, त्यानंतरच ठसा चालू होतो, कारण पिन टाकल्यावरच बँकेला कळतं की नोंदवणारा माणूस खरा मालक आहे. ही पायरी राहिली तर टॅप करून काही उपयोग नाही.

माझी मावसबहीण लियॉनला असते, तिचं उदाहरण सांगते कारण त्यात सगळंच आलं. थंडीत बाजाराचं बिल 87 युरो, अंगठा ठेवून टॅप केलं, मशीन म्हणालं कार्ड आत घाला. तिला वाटलं मशीन जुनं आहे. पण तिच्या कार्डावर बारीक दिवे आहेत आणि टॅप करताना लाल लागला होता, म्हणजे मशीनचा संबंधच नाही, ठसा जुळला नव्हता. हा सेन्सर बोटाच्या रेषा आणि मधल्या खोबण्या यांतला विजेचा फरक मोजतो, थंडीत कातडी कोरडी पडली की रेषा नीट टेकत नाहीत, आणि ओलं बोट किंवा नुकतं क्रीम लावलेलं असेल तर खोबण्याच भरून जातात, दोन्हीकडून पंचाईत. तिने अंगठा तळहातावर जरासा चोळला, परत टॅप केलं, हिरवा दिवा, बिल गेलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात हिरवा लागूनही मशीनने कार्ड आत घाला म्हटलं, आणि तिथे मात्र खरंच मशीनचाच प्रश्न होता.

तो प्रश्न असा की मशीनमध्ये टॅपच्या दोन वेगळ्या लिमिट ठेवता येतात, एक साध्या कार्डासाठी आणि एक ज्याने मालकाची खात्री आधीच करून दिली आहे त्याच्यासाठी. फोनने टॅप करताना मोठी रक्कम जाते ती या दुसरीमुळेच. ज्या मशीनमध्ये ही दुसरी लिमिट सेटच केलेली नाही तिथे तुमचा ठसा कितीही छान जुळला तरी 50 च्या वर नाहीच. अंदाज घ्यायचा असेल तर दुकानदाराला विचारा की इथे फोनने मोठी रक्कम जाते का. जात नसेल तर कार्डाशी भांडू नका, सरळ चिप घालून पिन टाका.

आणि दिवा लागलाच नाही तर कार्डाला वीज पोचली नाही, जवळ सपाट धरा, जागा बदलून बघा. अर्थात सगळ्या कार्डांवर दिवे नसतात, तिथे चिप घालून पिनने पेमेंट होतंय का बघायचं. होत असेल तर खाते ठीक आहे, अडचण ठशाची किंवा मशीनची. आणि मशीनने कार्ड आत घाला न म्हणता थेट नकार दिला तर बहुतेक वेळा बँकेनेच अडवलेलं असतं, म्हणजे शिल्लक नाही किंवा महिन्याची खर्चाची मर्यादा संपली, तिथे अंगठ्याचा काही उपाय नाही.

पिन विसरायचा तर विचारच करू नका. एटीएमचं मशीन कार्ड आत ओढून घेतं, मग अंगठा ठेवणार कुठे? तिथे पिनच लागणार. अंगठा कापला, पट्टी बांधली तरी पिनच. बँक दुसरं बोट नोंदवू देत असेल तर दुसऱ्या हाताचं बोट नोंदवून ठेवा.

शेवटची गोष्ट लोकांना पटकन पटत नाही. कार्ड हरवलं किंवा मुदत संपून नवीन आलं तर ठसा परत नोंदवावाच लागतो. बँकेकडे त्याची कॉपीच नसते, तो जुन्या चिपमध्येच राहिला. त्यामुळे नवीन कार्ड हातात पडलं की जुनं कापायच्या आधी नोंदणी आणि पिनचं पहिलं पेमेंट दोन्ही उरकून घ्या, आणि मग जुन्याचे तुकडे करताना चिपवरूनच कात्री चालवा, ठसा तिथेच असतो.